मोदकाचा लेख आषाढात का लिहितात?

गणेश चतुर्थीला अजून दीड महिना असतो. मखराचं सामानही नीट बाजारात आलेलं नसतं. पण मराठी पाककृती लिहिणारी जी मंडळी इंटरनेटवरच्या आपल्या लेखनाकडे गांभीर्याने बघतात, त्यांचा उकडीच्या मोदकांवरचा लेख तोवर लिहून, छायाचित्रं लावून प्रसिद्धही झालेला असतो. आषाढात मोदक कोणी करत नाही, त्यामुळे तो लेख त्या दिवसांत फारसा कोणी वाचत नाही. लिहिणाऱ्याला ते ठाऊक असतं. वाचक भाद्रपदात येणार, आणि तो आला की लेख त्याच्या समोर असायला हवा, एवढ्यासाठी ही घाई.

नव्या माणसाला ही रीत गूगलने शिकवलेली वाटते. खरं तर सणाचा मजकूर सणाच्या बराच आधी तयार ठेवण्याची शिस्त छापील मराठी पंचांगाइतकीच जुनी आहे. आधी म्हणजे किती आधी, हे ठरवणारा मालक तेवढा प्रत्येक काळात बदलत गेला. एकेकाळी तो छापखाना होता, मग जाहिरातदार आणि टपाल, आता शोधयंत्र आहे.

सुरुवात पंचांगापासून करावी लागते. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी 1841 साली मराठी पंचांग छापलं. त्याआधी पाडव्याला जोशीबुवा हस्तलिखितातून वर्षफल वाचून दाखवत. छापील पंचांग आलं आणि एक नवी अट आली: मजकूर पाडव्याच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात पडला पाहिजे. वर्षभराच्या तिथी, मुहूर्त, ग्रहणं सगळं गणित आधी करायचं, खिळे जुळवायचे किंवा शिळेवर उतरवायचं, छापायचं, बांधायचं आणि गावोगाव पाठवायचं. पाडवा उलटल्यावर पोचलेल्या गठ्ठ्याला फारशी किंमत उरत नाही. सणाच्या मजकुराला नाशवंत माल म्हणून वागवण्याची सवय इथे लागली.

पंचांगात संक्रांतीचं फलही असतं. यंदा संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली, कोणतं वस्त्र नेसली, कुठून कुठे चालली, हे दरवर्षी नव्याने छापलं जातं आणि घरोघरी विचारलं जातं. हाच प्रश्न आज जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लोक फोनवर टाइप करतात. म्हणजे सणाचा ठरावीक प्रश्न, त्याला दरवर्षी बदलणारं उत्तर आणि ते आधीच तयार ठेवणारा लेखक, हे तिन्ही घटक पंचांगात हजर होते.

पुढचा मोठा टप्पा 1909 चा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपरा उभी राहिली. दिवाळी अंकाचं वेळापत्रक ज्यांनी जवळून बघितलं आहे त्यांना माहीत आहे की आश्विनातल्या अंकाचं काम ज्येष्ठ-आषाढात सुरू होतं. लेखकांना पत्रं जातात, जाहिराती ठरतात, पावसाळ्यात मजकूर येतो, गणपतीच्या सुमारास जुळणी आणि मुद्रितं, आणि दिवाळीच्या आधी अंक विक्रेत्यांकडे. इथे आधीपणाचं कारण छपाईपुरतं नव्हतं. सणाला लोकांच्या हातात पैसा असतो, तो खर्च व्हायच्या आत जाहिरात त्यांच्या डोळ्यांसमोर यायला हवी, हा व्यवहार त्यात होता. आजच्या सणासुदीच्या लेखामागचा व्यवहारही हाच आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. जाहिरातीच्या पैशावर आपल्याकडे उत्तम साहित्य उभं राहिलं.

मला मात्र आजच्या सणाच्या लेखाचा सर्वात जवळचा पूर्वज ‘कालनिर्णय’च्या पानामागे दिसतो. जयंतराव साळगावकरांनी 1973 पासून काढलेल्या या दिनदर्शिकेच्या प्रत्येक पानाच्या पाठीवर मजकूर येऊ लागला: पाककृती, आरोग्य, सणवार. त्या पाककृतीच्या लेखनाची वेळ बघा. सप्टेंबरच्या पानामागे छापलेला पदार्थ आदल्या वर्षीच लिहून तयार करावा लागतो, कारण दिनदर्शिका नव्या वर्षाच्या आत भिंतीवर लागायची असते. वाचक मात्र तो बरोबर त्या महिन्यात वाचतो, कारण पान त्याच महिन्यात उलटतं. लेखन आणि वाचन यांत कित्येक महिन्यांचं अंतर, तरी मजकूर अचूक वेळी समोर. हे काम खिळ्याला टांगलेल्या कागदाने केलं. लेखकाला ‘माझं पान लोकांना सापडेल का’ ही चिंताच नव्हती.

इंटरनेटवर ती भिंत नाही. मजकूर कधीही चढवता येतो, छापखान्याची वाट बघायला नको, म्हणून सुरुवातीला अनेकांना वाटलं की आता सणाच्या आदल्या दिवशी लिहिलं तरी चालेल. पान चढवणं आणि पान सापडणं या दोन गोष्टी आहेत, हे कळायला काही वर्षं गेली.

आपल्याकडे तर त्याहून मोठी अडचण होती. 2000 सालाच्या आगेमागे बरीच मराठी संकेतस्थळं आपापल्या खास फाँटमध्ये लिहिलेली होती. पडद्यावर देवनागरी दिसे, पण त्यामागे साठवलेली अक्षरं रोमन चिन्हांची असत. शोधयंत्राला त्यात ‘मोदक’ हा शब्द सापडणं अशक्य होतं. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण ती सामान्य संगणकावर सहज लिहिता-वाचता यायला पुढे दशकभर लागलं. म्हणून मराठी सणांवरचा इंटरनेटवरचा सुरुवातीचा मजकूर चांगला असूनही शोधात येत नसे. लोक तो ओळखीने, दुव्यावरून दुव्याकडे जात वाचत.

त्याच काळात अमेरिकेत दुसरी गोष्ट घडत होती. तिथल्या मोठ्या मासिकांना नाताळचा अंक उन्हाळ्यातच आखायची सवय जुनी. तीच माणसं इंटरनेटवर आली तेव्हा त्यांच्या हाती एक नवं साधन पडलं: लोक कोणते शब्द शोधतात याची मोजणी. जाहिराती विकणाऱ्या ओव्हर्चर या कंपनीचं एक साधन मागच्या महिन्यात एखादा शब्द किती वेळा शोधला गेला ते सांगे. सणाच्या लेखकाला त्याचा उपयोग अर्धाच, कारण जुलैचे आकडे बघून सप्टेंबरच्या सणाचा अंदाज येत नाही. मे 2006 मध्ये गूगल ट्रेंड्स आलं आणि पहिल्यांदा एका शब्दाचा वर्षावर्षांचा आलेख सगळ्यांना फुकट दिसू लागला. 2004 पासूनचा. सणाच्या शब्दाचा आलेख बघताक्षणी ओळखू येतो: वर्षभर जमिनीला टेकलेली रेघ, सणाच्या तोंडावर सुळका, आणि सण संपताच तितकीच सरळ उतरण. त्या सुळक्याचा पायथा कधी सुरू होतो हे ज्याला वाचता आलं, त्याला लेखाची तारीख ठरवता आली.

या आलेखाबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. ट्रेंड्समधले 0 ते 100 हे आकडे माणसांची संख्या नव्हेत. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू म्हणजे 100, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. आणि जाहिरातदारांसाठीचं गूगलचं जे साधन संख्या सांगतं, त्यात ठळकपणे दिसते ती महिन्याची सरासरी. समजा एखादा शब्द भाद्रपदात बारा हजार वेळा शोधला गेला आणि उरलेले अकरा महिने कोणी फिरकलंच नाही, तर सरासरी एक हजार दिसेल. ज्याने सरासरीच वाचली तो हा विषय किरकोळ समजून सोडून देतो. सणाच्या शब्दासाठी महिन्यांचे स्तंभ वेगवेगळे बघावे लागतात.

2011 हे वर्ष या वंशावळीत महत्त्वाचं आहे. त्या फेब्रुवारीत हफिंग्टन पोस्टने सुपर बोल हा अमेरिकेतला फुटबॉलचा अंतिम सामना किती वाजता सुरू होणार, एवढ्याच प्रश्नाचं शीर्षक घेऊन एक लेख टाकला. लोक जे शब्द टाइप करतात तेच शीर्षक, आणि आत एका ओळीत मावणारं उत्तर लांबवलेलं. तो गाजला आणि मग वर्षानुवर्षं सगळ्या वृत्तसंस्था तसाच लेख टाकू लागल्या. मराठी बातम्यांच्या संकेतस्थळांवर दिसणारे ‘यंदा हरतालिका कधी? जाणून घ्या मुहूर्त’ या घाटाचे मजकूर त्याच कुळातले. त्याच महिन्यात गूगलने पांडा नावाचा बदल आणून शब्दांवरून ठोकळेबाज लेख पाडणाऱ्या कारखान्यांना मागे ढकललं. नोव्हेंबरमध्ये ताजेपणासंबंधीचा मोठा बदल आला, आणि ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटना हा शोधाचा एक वेगळा प्रकार आहे, असं गूगलने त्या वेळी उघड सांगितलं. वर्षातून एकदा येणाऱ्या गोष्टीबद्दल विचारणाऱ्याला यंदाचं उत्तर हवं असतं, हे यंत्राच्या हिशेबात आलं.

मग सगळे जण एकच सल्ला देऊ लागले: सणाच्या काही आठवडे आधी लिहा. कारण सरळ आहे. गूगलचा संगणक-प्रोग्राम आधी पान शोधून वाचतो, मग त्याची नोंद घेतो, आणि मग बाकीच्या पानांमध्ये त्याची जागा ठरते. पान वाचलं जायला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात, असं गूगलच सांगतं. नव्या, फारशा कोणाला माहीत नसलेल्या जागेला जास्त वेळ लागतो. जागा ठरल्यावरही ती पहिल्या दिवशी पक्की होत नाही. म्हणून दीड महिना.

पण हा सल्ला अमेरिकेतून आला, आणि तिथला नाताळ 25 डिसेंबरला असतो. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. मागच्या वर्षीचा आलेख यंदाच्या तारखांवर ठेवला की काम झालं. आपल्या चतुर्थीचं तसं नाही. 2022 मध्ये ती 31 ऑगस्टला होती, 2023 मध्ये 19 सप्टेंबरला, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकतो, आणि अधिक महिना आला की एका उडीत एकोणीसेक दिवस पुढे जातो.

2025 चंच उदाहरण हिशेबाने बघू. समजा कोणी 2024 मध्ये सणाच्या तीन आठवडे आधी, म्हणजे 17 ऑगस्टला मोदकाचा लेख टाकला होता आणि तो बरा चालला. पुढच्या वर्षी त्याने वहीतली तारीख तशीच ठेवली. 2025 मध्ये 17 ऑगस्टनंतर चतुर्थीला उरले दहा दिवस. तेवढ्यात लेखाची नोंद झाली तरी जुन्या, मुरलेल्या पानांच्या पुढे जायला वेळ मिळत नाही. लेख हळूहळू वर सरकत असतानाच विसर्जन होऊन जातं. आता तो दीड महिना, म्हणजे सहा आठवडे, सणाच्या तिथीपासून मागे मोजले तर? 27 ऑगस्टच्या सहा आठवडे आधी 16 जुलै येते, आषाढ वद्य पक्ष. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला, सहा आठवडे आधी 3 ऑगस्ट, पुन्हा आषाढ वद्य पक्ष. इंग्रजी तारीख अठरा दिवसांनी हलली, तिथी जागच्या जागी राहिली. म्हणून ‘गुरुपौर्णिमा झाली की मोदकाचा लेख’ एवढं वहीत लिहिलं तरी पुरतं. याला अपवाद असतो तो दोहोंच्या मध्ये अधिक महिना शिरला तर. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे चतुर्थीच्या सहा आठवडे आधीचा दिवस 8 ऑगस्ट हा आषाढात न पडता अधिक श्रावणातच पडला. पंचांग उघडून बघण्याला पर्याय नाही, आणि ते नव्या वर्षाच्या आत छापून तयार असतंच.

तारीख ठरली, तरी लेख कशाचा हा प्रश्न उरतो. लोक ‘उकडीचे मोदक’ असं देवनागरीत शोधतात, फोनवर रोमन अक्षरांत `ukadiche modak` किंवा `ukdiche modak` असंही लिहितात, आणि ऑगस्ट 2017 मध्ये गूगलचा आवाजी शोध मराठीत आल्यापासून पूर्ण वाक्यात विचारतातही. हे सगळे हिज्जे लेखात कोंबायची गरज नाही. पानाच्या पत्त्यात रोमन रूप आणि शीर्षकात देवनागरी असली की बहुतेक काम होतं.

त्यापेक्षा महत्त्वाचं हे की सण जवळ येतो तसा प्रश्न बदलतो. महिनाभर आधी शोधणारी बाई साचा, मोदकपात्र, मोदकाचे प्रकार बघत असते. आठवडाभर आधी तिला तांदूळ कोणता घ्यावा आणि पिठी घरी कशी करावी हे हवं असतं, कारण तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळायला वेळ लागतो. आदल्या रात्री तिला प्रमाण हवं असतं: एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, त्यात चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ, सारणाला दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. आणि चतुर्थीच्या सकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, पिठाच्या हातांनी ती शोधते ‘मोदक का फुटतात’. उकड कोरडी राहिली, नीट मळली गेली नाही, किंवा सारण ओलसर राहिलं. या वेळी तिला तीन परिच्छेदांचं गणेशमाहात्म्य नको असतं. चांगला लेख या चारही वेळांना उत्तर देतो, आणि पाण्याचं प्रमाण व फुटलेल्या मोदकावरचा उपाय वर ठेवतो. दीड महिना आधी लिहिण्याचा खरा फायदा माझ्या मते हाच आहे. घाई नसते, आषाढात एकदा मोदक करून बघता येतात, उकड बिघडवून तिचं छायाचित्र घेता येतं, आणि मग सांगितलेली गोष्ट स्वतः केलेली असते.

काय चुकलं हे नंतर तपासता येतं. गूगल सर्च कन्सोलमध्ये आपलं पान कोणत्या शब्दांना किती वेळा दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, याचा सोळा महिन्यांचा हिशेब असतो. सोळा महिने असल्यामुळे मागचा भाद्रपद आणि यंदाचा भाद्रपद शेजारी ठेवता येतो, अधिक महिन्याने सण पुढे गेला तरीही. पान दिसण्याचा आलेख सण झाल्यावर चढलेला असेल, तर लेख उशिरा आला. वेळेवर चढला पण कोणी उघडलं नाही, तर शीर्षक लोकांच्या प्रश्नाशी जुळत नाही. आणि उघडलं पण पान पंधराव्या-विसाव्या क्रमांकावरच थांबलं, तर बहुधा तुमचीच दोन पानं एकमेकांच्या आड आली आहेत.

हा शेवटचा दोष फार आढळतो. दरवर्षी नवा लेख, पत्त्यात वर्ष: `/2024/ukadiche-modak/`, मग `/2025/ukadiche-modak/`. जुन्या पानाने कमावलेलं वजन जुन्याच पानाकडे राहतं आणि नवं पान शून्यापासून सुरू होतं. ब्लॅक फ्रायडेच्या विक्रीसाठी 2020 मध्ये गूगलने दुकानदारांना जो सल्ला दिला तो आपल्या सणांनाही लागू आहे: पान वेळेआधी तयार करा, आणि दरवर्षी तोच पत्ता ठेवा, त्यात वर्ष घालू नका. पत्ता `/ukadiche-modak/` एवढाच असावा. आषाढ वद्यात ते पान उघडावं, चतुर्थीची यंदाची तारीख बदलावी, वाचकांनी मागच्या वर्षी विचारलेली शंका मजकुरात घ्यावी, न जमलेलं छायाचित्र नव्याने घालावं. मजकूर तसाच ठेवून नुसती वरची तारीख बदलणं म्हणजे वाचकाला फसवणं, आणि गूगलनेही आपल्या सूचनांत तसं न करण्याबद्दल लिहिलं आहे.

‘चतुर्थी कधी’, ‘मुहूर्त कधी’ या एका ओळीच्या प्रश्नांवर लेख बेतणं आता सोडून द्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते उत्तर शोधयंत्र स्वतःच पानाच्या माथ्यावर देतं, आणि ज्याला बारकावा हवा तो पंचांगकर्त्याकडेच जातो. ज्याचं उत्तर करून बघितल्याशिवाय देता येत नाही अशा प्रश्नांवर लिहावं. तारीख तेवढी पंचांगातून काढावी: 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून चतुर्थी 14 सप्टेंबरला. 2027 मध्ये ती 4 सप्टेंबरला येईल, आणि तेव्हाचा लेख जुलैच्या तिसऱ्या आठवड्याअखेरीस, आषाढ पौर्णिमा होताच, तयार हवा.